लस्सीत पाणी येतं कुठून?

घरी केलेली आंबा लस्सी पातळ झाली की दोष हमखास दह्याला दिला जातो. दही नीट लागलं नसेल, दुधात पाणी असेल, डेअरीवाल्याने फसवलं असेल, असे सगळे तर्क होतात. पण बहुतेक वेळा दही निर्दोष असतं. वाटीत उलटं केलं तरी हलणार नाही असं म्हशीचं दही आणि उत्तम पिकलेला हापूस घेऊनही लस्सी पाण्यासारखी होऊ शकते, कारण तिसऱ्या जिनसाकडे कुणाचं लक्ष नसतं. तो जिन्नस म्हणजे बर्फ. मिक्सरच्या भांड्यात मूठभर बर्फ टाकताना आपण थंडावा टाकतोय असं वाटतं. प्रत्यक्षात आपण पाणी ओतत असतो, फक्त ते ओतताना घट्ट दिसतं.

दही आणि आंबा या दोन्हींत पाणी भरपूर असतं, हे आधी लक्षात घ्यायला हवं. म्हशीच्या सायीसकट दह्यात शंभरातले ब्याऐंशी-त्र्याऐंशी भाग पाणीच असतं. पिकलेल्या आंब्याच्या गरातही जवळपास तेवढंच. तरी दह्याची कवडी चमच्यावर उभी राहते आणि आंब्याची फोड हातात धरता येते, कारण हे पाणी मोकळं नसतं. दह्यात केसीन नावाच्या प्रथिनाचं बारीक जाळं तयार झालेलं असतं आणि पाणी त्याच्या घरांमध्ये अडकलेलं असतं. आंब्यात ते पेशींमध्ये बंद असतं, आणि पेशी फुटल्या तरी गरातलं पेक्टिन आणि तंतू त्याला धरून ठेवतात. बर्फ वितळल्यावर जे पाणी सुटतं त्याला धरणारं मात्र कुणी नसतं. लस्सीचा दाटपणा या एकाच गोष्टीवर ठरतो: पेल्यात मोकळं पाणी किती आहे. साखर किती, मलई किती, आंबा कुठला, हे सगळे प्रश्न त्याच्यानंतरचे.

म्हणून सुरुवात बर्फाच्या हिशोबाने करू. एक ग्रॅम पाणी एक अंशाने थंड करायचं तर त्यातून एक कॅलरी उष्णता काढावी लागते. एक ग्रॅम बर्फ वितळताना ऐंशी कॅलरी शोषून घेतो, म्हणजे थंड करण्याची त्याची ताकद मोठी आहे. आता समजा, दही ओट्यावर आहे, आंबाही पेटीतून आत्ताच काढलाय आणि मे महिन्यातल्या दुपारी दोन्हींचं तापमान 30 अंश आहे. दोन पेल्यांसाठी हे मिश्रण अर्धा किलोच्या आसपास होतं. ते 5 अंशांवर आणायला सुमारे सव्वाशे ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. घरच्या ट्रेमधला एक खडा साधारण पंधरा ग्रॅमचा धरला तर हे आठ-नऊ खडे झाले. म्हणजे अर्ध्या किलो दाट मिश्रणात आपण सव्वाशे ग्रॅम साधं पाणी मिसळलं. शिवाय मिक्सरचं पातं फिरताना उष्णता निर्माण होते, भांडंही गरम असतं, म्हणून हात आणखी दोन-चार खडे टाकतोच.

तेच दही आणि तोच आंबा रात्रभर फ्रिजमध्ये असेल, तर मिश्रण 8 अंशांवर तयारच असतं. ते 4 अंशांवर आणायला वीस-पंचवीस ग्रॅम बर्फ पुरतो, म्हणजे दोन खडे, फार तर. जिनसा त्याच, मापं तीच, फक्त आदल्या रात्री आंबा फ्रिजमध्ये ठेवायची आठवण, आणि शंभर ग्रॅम पाणी वाचलं. लस्सी दाट करण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. पेलेसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावेत. उन्हाळ्यात काचेचा जाड पेला ओतल्या ओतल्या लस्सी कोमट करायला लागतो.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे बर्फ अजिबात न वापरणं. आंब्याच्या गराचे अर्धे तुकडे ताटलीत पसरून फ्रीझरमध्ये कडक होऊ द्यायचे आणि तेच बर्फाच्या जागी वापरायचे. गोठलेल्या आंब्यात गोठलेलं असतं ते पाणीच, त्यामुळे त्याची थंड करण्याची ताकद बर्फापेक्षा थोडीशीच कमी असते. पण तो वितळतो तेव्हा पेल्यात आंबा वाढतो, पाणी नाही. एक खबरदारी मात्र हवी. गोठवताना बर्फाचे स्फटिक आंब्याच्या पेशी फाडतात, त्यामुळे तुकडे बाहेर ठेवून सैल पडू दिले तर ताटलीत पिवळं पाणी साचतं आणि गर लिबलिबीत होतो. म्हणून ते कडक असतानाच सरळ मिक्सरमध्ये घालावेत. हाच प्रयोग दह्यावर करू नये. दही गोठवलं की केसीनचं जाळं मोडतं, आणि वितळल्यावर रवाळ चोथा वेगळा आणि पाणी वेगळं दिसतं. ते परत एकजीव होत नाही.

आता दह्याकडे वळू. पिशवीचं दूध आणून दही लावायचं असेल तर पिशवीवरचे आकडे वाचावेत. टोन्ड दुधात स्निग्धांश 3 टक्के आणि बाकीचे घन घटक साडेआठ टक्के असतात. फुल क्रीम दुधात स्निग्धांश 6 आणि बाकीचे घन घटक 9 टक्के. लस्सीसाठी फुल क्रीम किंवा म्हशीचं सुटं दूध घ्यावं. पण दुधाइतकंच महत्त्व ते तापवण्याला आहे, आणि इथे बरेच जण घाई करतात. दूध वर आलं की गॅस बंद, असं न करता उकळी आल्यावर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ढवळत ठेवावं. थोडं पाणी आटतं, तो एक फायदा. दुसरा फायदा डोळ्यांना दिसत नाही: दुधात केसीनखेरीज आणखी काही प्रथिनं विरघळलेली असतात, ती या उष्णतेने उलगडतात आणि केसीनच्या कणांना चिकटतात. दही लागताना तीही जाळ्यात सामील होतात आणि जाळं जास्त पाणी धरून ठेवतं. ज्या दह्यात चमचा घातल्यावर खळगा तसाच राहतो आणि तासाभराने त्यात फारसं पाणी साचत नाही, ते दूध नीट तापलेलं होतं असं समजावं.

विरजण लावताना दूध 40 ते 42 अंशांवर असावं. करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता आलं आणि ऊब जाणवली, पण चटका बसला नाही, तर ते बरोबर. अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा विरजण पुरतं. ते थोड्या दुधात मोडून घ्यावं आणि मग पातेल्यात मिसळावं. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत दही लागतं आणि त्याच वेळी ते फ्रिजमध्ये जायला हवं. बाहेर राहिलं तर जीवाणू काम थांबवत नाहीत, आंबटपणा वाढत जातो आणि जाळं आकसून पाणी बाहेर फेकायला लागतं. आंबट दह्याची लस्सी गोड करायला साखर जास्त घालावी लागते आणि तरीही जिभेच्या कडेला आंबटपणा राहतो. फ्रिजमध्ये पाच-सहा तास ठेवलेलं दही नुकत्याच लागलेल्या दह्यापेक्षा स्पष्टपणे घट्ट असतं. रात्री झोपायच्या आधी दही फ्रिजमध्ये गेलं की दुसऱ्या दिवशी दुपारची लस्सी निम्मी झाली.

यानंतरचं काम महाराष्ट्रातल्या घरांना शिकवायची गरज नाही, कारण श्रीखंडासाठी ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. दही पंचात बांधून टांगायचं. फरक इतकाच की लस्सीसाठी पुरा चक्का करायचा नाही. श्रीखंडाला आठ-दहा तास लागतात, लस्सीला पाऊण तास ते तासभर. 400 ग्रॅम दही पातळ सुती कापडात घालून, ते कापड गाळणीत आणि गाळणी पातेल्यावर ठेवून सगळं फ्रिजमध्ये ठेवलं की तासाभरात शंभरेक ग्रॅम हिरवट पिवळं पाणी पातेल्यात जमतं आणि कापडात 300 ग्रॅम उरतं. यापुढे जाऊ नये. पुरत्या चक्क्याची लस्सी टाळूला चिकटते, गिळताना जड वाटते आणि दुसरा घोट घ्यावासा वाटत नाही. घरात आयता चक्का असेल तर तो आणि साधं दही निम्मं निम्मं घ्यावं, तेवढाच दाटपणा मिळतो. आपलं पियूष हेच काम उलट्या दिशेने करतं: तिथे तयार श्रीखंड ताकाने सैल करतात. दोन्हीकडे नेम एकच, श्रीखंड आणि ताक यांच्या मधल्या जागी थांबायचं.

आता दोन मोठ्या पेल्यांचं माप मांडते. तासभर टांगलेलं 300 ग्रॅम दही. मध्यम आकाराच्या एका हापूसचा गर, म्हणजे साधारण 150 ग्रॅम, त्यातला निम्मा फ्रिजमधला आणि निम्मा गोठवलेला. पिठीसाखर 30 ग्रॅम, म्हणजे टेबलचमच्याने सपाट तीन, आंबा फारच गोड असेल तर दोन. चिमूटभर मीठ. वेलदोड्याची पूड घालायची तर दाणाभरच; हापूसच्या वासावर वेलदोडा चढला तर आंबा वाया गेला. हाताशी तीन-चार चमचे गार दूध ठेवावं. पाणी नाही, बर्फ नाही.

दह्याच्या निम्मा आंबा हे प्रमाण सहज सुचण्यासारखं नाही, म्हणून त्यावर थोडं थांबते. आंबा हातात असला की तो जास्त घालावासा वाटतो, आणि गर स्वतः दाट असल्याने लस्सी पातळही होत नाही. पण गर दह्याच्या बरोबरीने झाला की दह्याची चव मागे पडते. मग पेल्यात जे उरतं तो गार आमरस असतो. आमरस उत्तमच, पण त्याला पुरी लागते. लस्सीत पहिल्यांदा दह्याची हलकी आंबूस चव यावी आणि त्याच घोटात मागून आंबा. गर दह्याच्या एक तृतीयांशाहून कमी झाला तर रंग येतो, चव येत नाही, आणि ती कमी भरून काढायला बाजारात केशरी रंग आणि इसेन्स वापरतात. पायरी वापरायची तर ती रसाळ आणि थोडी रेषाळ असते. तिचा रस गाळून घ्यावा आणि दही पंधरा मिनिटं जास्त टांगावं. केसर हापूसइतकाच सोयीचा. डब्यातला रस बहुधा आधीच साखर घातलेला असतो, म्हणून तो वापरताना साखर निम्मी करावी आणि चाखून मग वाढवावी.

कृतीत क्रम महत्त्वाचा आहे. आधी टांगलेलं दही एकट्याने, पिठीसाखर आणि मीठ घालून, पातेल्यात रवीने किंवा तारेच्या फेटणीने फेटायचं. पहिल्या अर्ध्या मिनिटात ते गाठीगाठींचं दिसतं. मग साखर विरघळते आणि एकाएकी ते सैल होऊन चकाकायला लागतं. हा बदल नजरेने टिपण्यासारखा असतो: पृष्ठभागावरचा खरखरीत मळकट पांढरा रंग जातो आणि फेटणी उचलली की तिच्यावरून मऊ पट्टा खाली उतरतो, पडलेल्या जागी क्षणभर उभा राहतो आणि मग सावकाश बुडतो. गाठ उरली असेल तर ती इथेच मोडायची, कारण आंबा मिसळल्यावर ती दिसत नाही, फक्त तोंडात येते. दाणेदार साखर इथे नको. थंड दह्यात ती विरघळायला फार वेळ घेते, तोवर फेटत राहावं लागतं, आणि तरीही शेवटच्या घोटात दातांखाली कचकचते.

मिक्सर लागतो तो फक्त आंब्यासाठी. फ्रिजमधला गर खाली, कडक तुकडे वर, दोन चमचे गार दूध, आणि थांबत थांबत फिरवायचं, कडक तुकडे मोडून जाड थंडगार लगदा होईपर्यंत. हा लगदा फेटलेल्या दह्यात ओतून रवी आठ-दहा वेळा फिरवली की लस्सी तयार. दाटपणा तपासायला चमचा बुडवून उलटा करावा आणि त्याच्या पाठीवर बोट ओढावं. रेघ तशीच राहिली तर ठीक. रेघेच्या कडा लगेच वाहून मिटल्या तर लस्सी पातळ आहे. चमच्यावरून खाली येतच नसेल तर उरलेलं दूध एकेक चमचा घालावं. सैल करायला दूधच घ्यावं, कारण त्यात प्रथिनं आणि स्निग्धांश आहेत. पाण्यात काहीच नाही.

सगळं एकदम मिक्सरमध्ये घालून दोन मिनिटं फिरवलं तर काय बिघडतं? दह्याचं जाळं नाजूक असतं. ते रवीने ढवळल्यावर मोडतं, पण त्याचे तुकडे मोठे राहतात आणि पाणी धरून ठेवतात. मिक्सरचं पातं त्या तुकड्यांचा भुगा करतं. मग जाळं परत बांधलं जात नाही आणि तेच दही, पाण्याचा थेंबही न घालता, पातळ होतं. त्यात हवा कोंबली जाते म्हणून पेला भरलेला दिसतो. पण पाच मिनिटांत फेस वर जातो, खाली पातळ लस्सी उरते आणि तळाशी पाण्याची निळसर रेघ दिसायला लागते. अशी रेघ दिसली की मिक्सर जास्त फिरलाय किंवा बर्फ जास्त पडलाय, दोन्हींपैकी एक नक्की.

दुसरा धोका लोण्याचा. सायीचं दही घुसळून लोणी काढणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे की थंडीत लोणी लवकर येत नाही, मग ताकात थोडं कोमट पाणी घालावं लागतं. आणि उन्हाळ्यात गार पाणी घातल्याशिवाय ते नीट गोळा होत नाही. लोणी जमायला स्निग्धांश अर्धवट घट्ट आणि अर्धवट मऊ असावा लागतो, आणि तो साधारण 10 ते 15 अंशांच्या आसपास तसा असतो. फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर राहिलेलं दही मिक्सरमध्ये फिरवताना नेमकं याच टप्प्यातून जातं. मग लस्सीत पिवळसर बारीक कण तरंगतात, ओठांना तुपकट थर लागतो आणि जीभ कोरडी वाटते. कण एकदा जमले की ढवळून ते परत जिरत नाहीत. गाळून घ्यावं आणि ती लस्सी लगेच पिऊन टाकावी. हे टाळायचं तर दही 5 अंशांच्या आसपास असताना काम संपवावं आणि हात रवीवर असावा. मिक्सरशिवाय इलाजच नसेल तर तीन-चार सेकंदांचे तीन झटके, त्याहून जास्त नाही.

गोडीबद्दल एक गोष्ट. थंड पदार्थात जिभेला गोडवा कमी जाणवतो. फेटताना, म्हणजे दही थोडं कमी थंड असताना, साखर बरोबर वाटली तर पेल्यात ती कमी वाटेल. म्हणून शेवटचं चाखणं गोठलेला आंबा मिसळल्यावर करावं, आणि त्या वेळी वाटलं तरच आणखी अर्धा चमचा पिठीसाखर. मीठ चिमूटभरच, पण वगळू नये. त्याने गोडी उठून येते आणि साखर कमी लागते.

मिल्कशेकचं गणित वेगळं पडतं, आणि लस्सीचं प्रमाण तिथे उचलून नेलं की फसतं. दूध पातळ असतं. त्यात दह्यासारखं जाळं नाही. तिथला दाटपणा दोनच ठिकाणांहून येऊ शकतो, फळाच्या गरातून आणि गोठलेल्या कणांतून. म्हणून फळ दुधाच्या जवळपास बरोबरीने घ्यावं लागतं: 250 मिलिलिटर दुधाला 200 ग्रॅम चिकू, केळं किंवा सीताफळाचा गर. आणि बर्फाऐवजी दूधच गोठवावं. आटवून गार केलेलं दूध बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवून त्याचे खडे करायचे आणि निम्मं दूध खड्यांच्या रूपात घालायचं. पुण्याच्या मस्तानीत दाट शेकवर आइस्क्रीमचा गोळा येतो, तोही याच तत्त्वाने चालतो. वितळतो तेव्हा पेल्यात दूध, साई आणि साखर उतरते. इथे मिक्सर बिनधास्त फिरवावा, कारण मोडायला जाळंच नाही. सीताफळाच्या बिया मात्र एकही आत जाऊ देऊ नये. चमच्याने गर चाळणीवर घासून आधी बिया वेगळ्या करायच्या. भरडल्या गेलेल्या बिया कडू तर असतातच, पोटालाही त्रास देतात.

कुठलं फळ दुधात आणि कुठलं दह्यात, हे आंबटपणावरून ठरतं. आम्लता एका मर्यादेपलीकडे वाढली की दुधातलं केसीन एकत्र येतं आणि दूध फाटतं. केळं, चिकू, सीताफळ सौम्य आहेत, म्हणून आपली शिकरण आणि चिकू शेक निर्धोक. पूर्ण पिकलेला हापूस थंड दुधात तेवढ्यापुरता निभावतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मात्र दुधात घातली की थोड्याच वेळात पेल्याच्या कडेला बारीक कण दिसायला लागतात. ती दह्यात घालावी. दह्यातलं केसीन आधीच जमलेलं असतं, त्यामुळे फळाचा आंबटपणा तिथे नवं काही बिघडवत नाही. पण स्ट्रॉबेरीत पाणी फार असतं, नव्वद टक्क्यांहून जास्त, म्हणून 250 ग्रॅम फळं दोन चमचे साखर घालून मंद आचेवर निम्मी होईपर्यंत आटवावीत, पूर्ण गार करावीत आणि मग 300 ग्रॅम टांगलेल्या दह्यात मिसळावीत. कलिंगड आणि संत्रं लस्सीच्या वाट्याला नेऊच नयेत. ती जवळजवळ सगळीच मोकळं पाणी आहेत.

अननसाची तक्रार वेगळी. कच्चा अननस दह्यात किंवा दुधात घातला तर दहा-पंधरा मिनिटांत कडूपणा येतो आणि लस्सी सैल पडते. त्याच्यात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. तुटलेल्या तुकड्यांपैकी काही कडू असतात आणि जाळंही त्यात मोडतं. पपईतलं पपेन हेच करतं; ते कच्च्या पपईत जास्त आणि पिकलेल्या पपईत कमी असतं, म्हणून पपईचा शेक केल्याबरोबर चांगला लागतो आणि ठेवला की बिघडतो. उष्णतेने ही विकरं निकामी होतात. अननसाचे तुकडे साखर घालून पाच-सात मिनिटं उकळून गार केले की त्याची लस्सी तासभरही सुरेख राहते. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, तो तसाच चालतो.

लस्सी करून ठेवण्याचा मोह टाळावा. गोठलेला आंबा पूर्ण विरघळला की तिचा मऊ जाडसरपणा जातो, आणि फ्रिजमध्ये दोन-तीन तासांनी थोडं पाणी वर येतंच. पाहुणे यायचे असतील तर साखर घालून फेटलेलं दही झाकून फ्रिजमध्ये आणि आंब्याचे तुकडे फ्रीझरमध्ये ठेवावेत; ते आल्यावर दोन्ही एकत्र करायला पाच मिनिटं लागतात. आंब्याचा हंगाम संपायच्या आत एकेका लस्सीपुरते तुकडे पातळ पिशव्यांमध्ये, हवा काढून, सपाट पसरून गोठवले तर ते सहा-आठ महिने टिकतात, आणि सपाट असल्याने हाताने मोडता येतात. पातेल्यात जमलेलं दह्याचं पाणी ओतून देऊ नये. त्याच दिवशी पोळ्यांची कणीक त्यात भिजवावी, किंवा थालीपिठाची भाजणी; तिला आंबूस चव येते आणि थालीपीठ मऊ राहतं.